४००० हर्ट्झचा खड्डा आणि ताशा

"ढोल तर खर्जात वाजतो, मग माझ्या कानाच्या चाचणीच्या रिपोर्टमध्ये, ऐकू येण्याच्या आलेखातला खड्डा नेमका ४००० हर्ट्झलाच कसा?"

पथकात ताशाही असतो हो, आणि त्याचा कडकडाट खालपासून वरपर्यंत पसरलेला असतो. त्यातला ३००० हर्ट्झच्या आसपासचा भाग आपली कानाची नळीच वाढवून आत पाठवते, कारण अडीच सेंटिमीटरची ती नळी त्याच सुराला घुमते. कानाच्या आतल्या शंखासारख्या भागात प्रत्येक सुराची जागा ठरलेली आहे: दाराशी बारीक, टोकाशी खर्ज. आवाज फार मोठा झाला की सर्वात जोराचं कंपन ठरलेल्या जागेवरून थोडं दाराकडे सरकतं. त्यामुळे मार बसतो अर्धं ते एक सप्तक वर, म्हणजे ४००० च्या आजूबाजूला. तिथल्या बाहेरच्या रांगांमधल्या केसपेशी आधी जातात आणि माणसात त्या परत येत नाहीत.

लालबागला ताशा वाजवणारा माझा मामेभाऊ टीव्ही नेहमीच्याच आवाजात ऐकतो, पण भाजीवाल्याचे 'साठ' त्याला 'आठ' ऐकू येतात. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते पोचतात. 'स'ची सळसळ वर असते, ती गळते. ८००० ला त्याचा आलेख पुन्हा सुधारतो. नुसतं वय असतं तर तो सहसा उतरतच गेला असता. अर्थात वर्षानुवर्षं वाजवत राहिलं की खड्डा रुंदावतो आणि हा फरक पुसट होतो. तुम्ही चाचणी विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी केली असेल, तर काही दिवस कान शांत ठेवून पुन्हा करा. त्यातला काही भाग तात्पुरता असू शकतो.