मदत हवी आहे: कॉलर माइक लावल्यावर फोनमध्ये काहीच रेकॉर्ड होत नाही (सोलापूर)

साखरपेठची_सून

नमस्कार मंडळी. सासरे ८१ वर्षांचे आहेत. उमेदीची सगळी वर्षं लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये गेली. त्या दिवसांबद्दल ते हल्ली फार मोकळेपणाने बोलतात, अर्धं मराठीत, अर्धं तेलुगूत. ते त्यांच्याच आवाजात जपून ठेवायचं आहे. आमचं घर पूर्व भागात, शेजारी दिवसभर मागाची खटखट चालते, त्यामुळे फोन समोर ठेवला की त्यांच्यापेक्षा मागच जास्त ऐकू येतो. म्हणून नवी पेठेतून शर्टाला लावायचा छोटा माइक आणला. लांब वायर आणि शेवटी हेडफोनसारखी पिन.

रविवारी माइक लावून ३८ मिनिटं रेकॉर्डिंग केलं. नंतर लावून बघते तर काहीच नाही. फाइल ३८ मिनिटांचीच आहे, पण पडद्यावर आवाजाच्या लाटा दिसतात तिथे नुसती सरळ रेघ. पिन घातल्यावर फोनवर हेडफोनचं चिन्ह येतं. फोन अँड्रॉइड १३ आहे, हेडफोनचं गोल भोक आहे. फोन बंद करून चालू केला, दुसरं रेकॉर्डर ॲप घातलं, तरी तेच. दोष माइकचा, वायरचा की फोनचा? दुकानदार म्हणतो फोन खराब आहे. त्या दिवशी ते पहिल्यांदाच त्यांच्या वडिलांबद्दल बोलले होते. आता पुन्हा विचारायचं म्हणजे जीवावर येतं.

वारीचा_वाटसरू

ताई, माझाही असाच माइक होता, तो दर दहा मिनिटांनी बंद पडायचा. शेवटी कळलं की सेटिंगमध्ये ओटीजी नावाचं बटण असतं आणि काही कंपन्यांच्या फोनमध्ये ते दहा मिनिटं वापर नसेल तर आपोआप बंद होतं. ते चालू करून बघा.

साखरपेठची_सून

दादा, तुमचा माइक चार्जिंगच्या भोकात लागणारा असेल ना? माझा हेडफोनच्या भोकात लागतो. ओटीजीचं बटण सापडलं, चालू केलं, फरक नाही.

वारीचा_वाटसरू

हो हो, माझा बिनवायरचा, टाइप-सीचा. माझ्या लक्षातच नाही आलं.

सोल्डरगन

सूनबाई, मी भजनी मंडळांचे माइक दुरुस्त करतो. आधी एक करा: माइक पूर्ण काढा, नुसत्या फोनने दहा सेकंद रेकॉर्ड करा आणि रेघ बघा. माइक चांगला की वाईट हे नंतर ठरवू.

कारण सांगतो. वायर तुटली असती किंवा पिन चुकीची असती, तर रेघ इतकी सपाट आली नसती. बारीक खरखर, घूं असा काहीतरी थरथराट येतोच, नाहीतर फोन स्वतःचाच माइक वापरतो आणि आवाज येतो. अगदी सरळ रेघ म्हणजे बहुतेक वेळा फोनच ॲपला कोरं पाणी पाजतोय.

साखरपेठची_सून

काका, माइक काढून केलं. तरीही सरळ रेघ! म्हणजे माइकचा दोषच नाही?

सोल्डरगन

निदान पहिला दोष माइकचा नाही. आता पडदा वरून खाली ओढा, जिथे वायफाय, टॉर्चची बटणं असतात. तिथे `Mic access` असं बटण असेल. दिसलं नाही तर सेटिंगमध्ये प्रायव्हसीत बघा. अँड्रॉइड १२ पासून ही सोय आली. ते बंद असलं की सगळ्या ॲपना आवाजाऐवजी शून्य मिळतं. ॲपला तक्रार नाही, वेळ मोजत राहतं, फाइलही बनते.

एकट्या ॲपची परवानगी नाकारलेली असेल तर चित्र वेगळं असतं. तेव्हा रेकॉर्डर बहुतेक करून सुरूच होत नाही, परवानगी मागत बसतो. तुमच्याकडे ३८ मिनिटांची फाइल बनली, म्हणून मला पहिल्यापासून या बटणाचा संशय.

साखरपेठची_सून

बंदच होतं!! रेकॉर्डर उघडताना एक खिडकी यायची, फोनचा माइक बंद आहे, चालू करायचा का असं काहीतरी. मी घाईत मागे जायचे. बटण मुलाने गेम खेळताना दाबलं असणार. आता चालू केलं, कॉलर माइक लावला, आवाज आला. लाटा छान नाचतायत. काका, तुमचे फार फार आभार. रविवारी पुन्हा बसवते सासऱ्यांना.

सोल्डरगन

थांबा, थांबा. अजून बसवू नका. जो आवाज आला तो कॉलर माइकमधूनच आला कशावरून?

रेकॉर्डिंग चालू ठेवून कॉलर माइकच्या जाळीवर नखाने हलकं खरवडा. मग फोनच्या खालच्या कडेला, बारीक भोक असतं तिथे खरवडा. जिथलं खरवडणं कर्रकन मोठं येईल, तो माइक चालू आहे. आणि पिनेवर काळ्या पट्ट्या किती आहेत ते मोजून सांगा.

साखरपेठची_सून

काका, माझा धीरच खचला. कॉलर माइक खरवडला तर लांबून आल्यासारखं, जेमतेम. फोनची कड खरवडली तर कानठळ्या. म्हणजे पुन्हा फोनचाच माइक. पिनेवर दोन काळ्या पट्ट्या आहेत.

खटपट्या

मी सांगतो. जॅकची दोन प्रमाणं असतात, सीटीआयए आणि ओएमटीपी. दोन्हींत माइक आणि अर्थची जागा उलटी असते. चायना माइक ओएमटीपीचा असतो, म्हणून चालत नाही. पिन थोडी बाहेर ओढून धरा, चालेल.

सोल्डरगन

खटपट्या, ती दोन प्रमाणं आहेत हे बरोबर आणि माइक-अर्थची अदलाबदलही बरोबर. पण ती भानगड चार तुकड्यांच्या पिनेची, म्हणजे तीन काळ्या पट्ट्यांची. ओएमटीपी जुन्या फोनमध्ये असायचं, आताचे गोल भोकाचे फोन सगळे सीटीआयएचेच धरा. इथे पट्ट्या दोनच, म्हणजे धातूचे तुकडे तीन. ही कॅमेऱ्याची पिन आहे. बाहेर ओढून धरण्याची युक्ती कामाची नाही, वर भोक सैल व्हायचं.

सूनबाई, फोनच्या भोकात आत चार पाती असतात. टोकाकडून धरलं तर डावा कान, उजवा कान, अर्थ आणि सगळ्यात बुडाशी माइक. तुमच्या पिनेचा बुडाचा तुकडा लांब आहे, तो शेवटच्या दोन्ही पात्यांना एकदम टेकतो. माइकचं पातं अर्थला चिकटलं की फोन समजतो, हा बिनमाइकचा साधा हेडफोन. चिन्ह हेडफोनचं दाखवतो आणि आवाज स्वतःच्या माइकने घेतो. तुमचा फोन खराब नाही, दुकानदाराने कॅमेऱ्याचा माइक दिला.

दुकानात मोबाइलसाठी माइक आणि हेडफोन वेगळे करणारी दोन भोकांची वायर मागा. एका बाजूला तीन पट्ट्यांची पिन हवी, ती मोजूनच घ्या.

साखरपेठची_सून

आणली. एका भोकावर हेडफोनचं चित्र, दुसऱ्यावर काहीतरी पुसट. जोडून खरवडलं, अजूनही फोनच्या कडेचाच आवाज. आता मात्र वायरच तुटलीय असं वाटतं. दीर मागाच्या मोटारी दुरुस्त करतात, त्यांच्याकडे मीटर आहे. काय मोजायला सांगू?

सोल्डरगन

झकास. मीटर ओहमवर, २० किलोच्या खुणेवर ठेवा. फोनपासून सगळं सोडवा.

आधी नुसत्या माइकची पिन. एक काडी टोकाला, एक बुडाला. चांगल्या माइकला साधारण शेकड्यांपासून दोन-तीन हजार ओहमपर्यंत आकडा येतो. काड्या उलट केल्या की थोडा बदलतो, घाबरू नका. शून्य आलं तर आत वायर एकमेकींना टेकलीय, काहीच आलं नाही तर तुटलीय. आकडा बघताना पिनेच्या मानेजवळ वायर वाकवा, वायर तिथेच तुटते. आकडा उड्या मारायला लागला तर दोष सापडला.

मग माइक त्या दोन भोकांच्या वायरीत घाला आणि तिच्या चार तुकड्यांच्या पिनेवर शेवटचे दोन तुकडे मोजा. आधीचाच आकडा यायला हवा. फोनही तेवढंच बघतो. हजार ओहमच्या वर काही दिसलं तर माइक समजतो, अगदी कमी दिसलं तर हेडसेटवरचं बटण दाबलं असं धरतो.

साखरपेठची_सून

दीर बसले माझ्या शेजारी, त्यांच्यासमोरच लिहितेय. नुसती पिन: १.४ किलो. काड्या उलट केल्यावर १.७. मान वाकवली, आकडा हलला नाही. वायर धडधाकट.

दोन भोकांच्या वायरीतून मात्र मीटर काहीच दाखवेना. भाऊजींनी ती भोकं उजेडात धरली, पुसटवर अंगठा घासला, आणि म्हणाले, "वहिनी, माइकचं चित्र हितं हाय की ओ, तुम्ही हेडफोनच्या भोकात घातलाय!" बदललं. १.४ आला, जसाच्या तसा.

फोनला लावलं. आता चिन्हात हेडफोनला माइक जोडलेला दिसतो. जाळी खरवडली, इतका मोठा आवाज की शेजारची खोलीसुद्धा दचकली. फोनच्या कडेवर खरवडलं, काहीच नाही.

सोल्डरगन

आता बसवा सासऱ्यांना. माइक छातीवर, हनुवटीपासून वीतभर खाली. मागाचा आवाज पूर्ण जाणार नाही, पण तोंड जवळ आल्याने त्यांचा वर राहील. चार्जर लावून रेकॉर्ड करू नका, घूं येतो. आणि दरवेळी आधी दहा सेकंद करून, खरवडून, ऐकून मगच सुरुवात.

खटपट्या

मी ओएमटीपी म्हणालो ते चुकलंच. पट्ट्या मोजायला हव्या होत्या आधी.

वारीचा_वाटसरू

ताई, एकदा फोनचं कव्हरही काढून बघा. माझ्या भाचीच्या फोनला जाड कव्हर आहे, हेडफोनची पिन शेवटपर्यंत जातच नव्हती.

साखरपेठची_सून

दादा, यावेळी तुमचा मुद्दा अगदी बरोबर लागला. कव्हर काढल्यावर पिन आणखी थोडी आत गेली. आता काढूनच ठेवते.

काल संध्याकाळी ४२ मिनिटं झाली. सासरे आधी माइककडे बघूनच बोलत होते, मग विसरले. स्वच्छ आवाज आलाय. त्यांच्या वडिलांची गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली, पण या वेळी वेगळीच सांगितली.

एक मात्र राहिलंय. मुलाला त्यांचा व्हिडिओही हवा आहे. फोनच्या कॅमेऱ्याने व्हिडिओ केला, खरवडून बघितलं तर पुन्हा फोनचाच माइक! रेकॉर्डरमध्ये कॉलर माइक चालतो आणि कॅमेऱ्यात नाही, असं का?

खटपट्या

`Open Camera` घालून बघा. त्यात व्हिडिओच्या सेटिंगमध्ये `Audio source` आहे, तिथे `External mic` निवडा.

सोल्डरगन

हे बरोबर. बऱ्याच फोनचा मूळ कॅमेरा व्हिडिओसाठी स्वतःचाच माइक धरून बसतो, त्यात निवडच देत नाहीत. तुमच्या फोनवर `External mic` चालेलच असं मी सांगू शकत नाही, माझ्या एका फोनवर चाललं, दुसऱ्यावर नाही. नाहीच चाललं तर दुसऱ्या फोनने व्हिडिओ घ्या, या फोनमध्ये आवाज, आणि सुरुवातीला समोर एक टाळी वाजवा. नंतर जुळवता येईल.

साखरपेठची_सून

`External mic` निवडलं. चित्र येतंय, आवाज कॉलरचाच आहे, पण फार बारीक. रेकॉर्डरपेक्षा निम्म्याहून कमी. आवाज वाढवायची सोय कुठे दिसत नाही. कुणाला हे जमलंय का? दुसरा फोन दिरांचा आहे, रविवारपर्यंत मिळेल.