बोअर्ड की बोअरिंग? गाळलेल्या जागांचे तुमचे अनुभव सांगा

रात्रशाळा
मी मोठ्या माणसांना पहिल्यापासून इंग्रजी शिकवते. परवा भावनांच्या शब्दांवर गाळलेल्या जागा दिल्या. पहिलंच वाक्य होतं, 'आय ॲम ___ बिकॉज आय हॅव नथिंग टु डू', आणि कंसात 'बोअर'. निम्म्या वर्गाने 'बोअरिंग' लिहिलं. म्हणजे 'मी कंटाळवाणा आहे, कारण मला काही काम नाही'! मी हसले, तर रिक्षा चालवणारे एक काका म्हणाले, "मॅडम, मला कंटाळा येतोय, आत्ता येतोय. ॲमनंतर आयएनजी लावायचं तुम्हीच शिकवलंत ना?" शिकवलं होतं, मागच्याच आठवड्यात, 'आय ॲम ईटिंग'. मला उत्तर सुचेना. तुमच्याकडे काय घडलं ते लिहा.

डोंबिवली फास्ट ट्रॅक
सोपं आहे की. माणसाला ईडी, वस्तूला आयएनजी. (हल्ली ईडी माणसालाच लागते, त्यामुळे लक्षातही राहतं.) मुलीला दहापैकी आठ मिळाले.

गाळलेली जागा
उरलेले दोन याच नियमाने गेले असणार, काका. 'अवर न्यू टीचर इज सो ___ दॅट एव्हरीवन स्लीप्स.' टीचर माणूसच, पण इथे 'बोअरिंग'च हवं, कारण झोप मुलांना येतेय. उलट 'ही हॅड अ ___ लुक ऑन हिज फेस' यात 'वरी' असेल तर 'वरीड' येतं. लुक काही माणूस नाही, पण काळजी त्या चेहऱ्यामागच्या माणसाला लागलीय. भावना कोणाला होतेय आणि कोणामुळे होतेय, एवढंच बघायचं.

मी वर्गात आधी मराठीत करून घेतो. 'द जर्नी वॉज ___. वी वेअर ___ व्हेन वी रीच्ड.' दोन्हीकडे 'टायर'. प्रवास थकवणारा, आम्ही थकलेले. 'णारा' आला की टायरिंग, 'लेला' आला की टायर्ड. गोंधळवणारा-गोंधळलेला, घाबरवणारा-घाबरलेला असंच चालतं. फक्त मुलं 'थकवणारा'ऐवजी 'थकणारा' म्हणाली की सगळं फिरतं, कारण थकणारा म्हणजे पुन्हा आम्हीच. तो 'व' नीट ऐकायचा. आणि 'इंटरेस्टेड'ला ही युक्ती लंगडी पडते. 'रस असलेला' कोण म्हणतं? तिथे पुढचं 'इन' पाहून ईडी ओळखायला लावतो.

रिक्षावाल्या काकांना सांगा, 'ईटिंग'मध्ये खाणारे तुम्ही. तसं 'आय ॲम बोअरिंग' म्हटलं की कंटाळा आणणारेही तुम्हीच.

पोहे आणि पेपर
माझा मुद्दा उच्चाराचा. मुलाखतीत मी 'आय वॉज एक्सायटेड' नीट म्हटलं आणि त्याच चालीवर 'बोअरेड' म्हणून मोकळी झाले. समोरचे दोघे एकमेकांकडे बघत राहिले. 'बोअर्ड' आणि फळ्याचा 'बोर्ड' इंग्रजीत सारखेच ऐकू येतात, हे मला पस्तिशीत कळलं.

रात्रशाळा
ताई, हे लिहिण्याच्या जागांबद्दल होतं, पण 'बोअरेड' माझ्या वर्गातही आहे.

शेवटचा बाक
मला वाटतं खरी गोची आपल्या मराठीतल्या 'बोअर'मध्ये आहे. 'मी बोअर झालो', 'लेक्चर बोअर होतं', 'तो फार बोअर मारतो'. तिन्हीकडे एकच शब्द, शेपूट काहीच नाही. 'मी कन्फ्यूज आहे'चंही तेच. मी अकरावीपर्यंत हेच बोलायचो, म्हणून जागा भरताना नुसतं नाणं उडवायचो. 'कंटाळलेला' आणि 'कंटाळवाणा' यांची गल्लत मात्र कधी केली नाही.

दोन मुलांची आई
आमच्या धाकट्याचं वेगळंच. 'द मूव्ही वॉज ___' याला त्याने 'बोअर्ड' लिहिलं. का रे? तर "वॉज आहे ना, काल पाहिला, मग ईडी." आणि थोरलीने भुताच्या गोष्टीला 'स्केअरिंग' लिहिलं, बाईंनी कापलं. तिथे 'स्केअरी' म्हणतात म्हणे. जोडी 'स्केअर्ड' आणि 'स्केअरी', मग नियम कुठे गेला?

गाळलेली जागा
नियम तिथेच आहे, पण काही शब्दांची आयएनजीवाली जागा दुसऱ्याच शब्दाने अडवलेली असते. 'इम्प्रेस्ड'चा जोडीदार 'इम्प्रेसिव्ह', 'डिलाइटेड'चा 'डिलाइटफुल'. नवशिक्यांच्या कागदावर हे शब्द घालूच नयेत.

डोंबिवली फास्ट ट्रॅक
मग 'माय अंकल इज व्हेरी ___', कंसात 'इंटरेस्ट', याचं उत्तर काय? मुलीच्या कागदावर होतं. तिने ईडी लावलं, चूक दिली.

गाळलेली जागा
'इंटरेस्टेड' लिहिलं की कशात, हे सांगायला पुढे काही नाही, म्हणून 'इंटरेस्टिंग' बरं दिसतं. पण पूर्ण चूक मीही देणार नाही. कंसात 'वरी' असतं तर दोन्ही बसलं असतं, काका काळजीत किंवा काकांचीच काळजी. एवढ्याशा वाक्यावरून ओळखायचं कसं?

रात्रशाळा
'थकलेला-थकवणारा' काल करून पाहिलं. रिक्षावाल्या काकांनी दहाही बरोबर भरल्या. मग खाली स्वतःचं वाक्य लिहिलं, 'ट्रॅफिक इज टायर्ड'. विचारलं तर म्हणाले, "मॅडम, तीही थकलेलीच असते." कापू की ठेवू?