मदत हवी आहे: सर्टिफिकेट नसलेलं फुटेज आणि दोन मिनिटांचं रिबटल

नमस्कार मंडळी. सोलापुरात आमची मूट कोर्ट स्पर्धा आहे, मी अपिलार्थीकडून. प्रतिवादीची सगळी मदार दुकानाच्या सीसीटीव्हीच्या पेनड्राइव्हवर. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं सर्टिफिकेट नाही, मूळ डीव्हीआरही हजर नाही. सरावात सरांनी जज होऊन मध्येच विचारलं, "फुटेज एक्झिबिट होताना तुम्ही गप्प का? सोनू (२०१७) वाचलंय?" सर्वोच्च न्यायालयाच्या सोनू निकालानुसार हा पुराव्याच्या पद्धतीचा आक्षेप, अपिलात उशिरा घेता येत नाही. मी म्हणणार, अर्जुन पंडितराव (२०२०) तीन न्यायमूर्तींचा, सोनू दोघांचा. सर्टिफिकेट ही ग्राह्यतेचीच पूर्वअट. पण जजनी "२०२० मध्ये सोनू रद्द झाला का?" असं खोदलं, तर प्रामाणिक आणि थोडक्यात उत्तर कसं मांडावं?