पार्ट टाइम मास्टर्स: नोकरी सोलापुरात, वर्ग इंग्लंडमध्ये. मग व्हिसा कोणता?

अक्कलकोट रोड
टॉवेल एक्स्पोर्टच्या युनिटमध्ये प्लॅनिंग बघतो, वय 34, बायको आणि एक मुलगी. इंग्लंडच्या एका युनिव्हर्सिटीत सप्लाय चेनचा पार्ट टाइम एमएससी आहे. दोन वर्षं, आठ मॉड्युल. प्रत्येक मॉड्युलला पाच दिवस तिथं हजर राहायचं, बाकी ऑनलाइन. पुण्याचा एक सल्लागार म्हणतो, स्टुडंट व्हिसा काढून देतो, आठवड्याला 20 तास काम करता येईल, संपल्यावर दोन वर्षांचा वर्क परमिट, आणि बायकोलाही नेता येईल. हे कितपत खरं? आणि असा कोर्स करावा का?

सात रस्ता
सल्लागार थापा मारतोय. पार्ट टाइमला इंग्लंडचा स्टुडंट व्हिसा मिळतच नाही. माझ्या मामेभावाला युनिव्हर्सिटीनं स्पष्ट नकार दिला होता. पैसे भरू नका.

विजापूर वेस
मी असाच एमएससी पुण्यात नोकरी करत केला, त्यामुळे सविस्तर लिहिते.

सात रस्ता, तुमचं अर्धं बरोबर आहे. नियमात पार्ट टाइमचा स्टुडंट व्हिसा आहे, पण मास्टर्स किंवा त्यावरच्या पातळीच्या अभ्यासालाच, आणि युनिव्हर्सिटी स्पॉन्सर व्हायला तयार असेल तरच. बऱ्याच युनिव्हर्सिटी तयार होत नाहीत, तुमच्या मामेभावाच्या बाबतीत तेच झालं असणार. आणि मिळाला तरी त्यात काय मिळतं ते बघा. काम करायला पूर्ण बंदी, एक तासही नाही. 20 तास ही सवलत फुल टाइम डिग्रीवाल्यांची. बायको-मुलांना नेता येत नाही. वर्गात शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्सला तर 1 जानेवारी 2024 पासून फुल टाइमवाल्यांनाही ती सोय उरलेली नाही. नंतरचा ग्रॅज्युएट व्हिसाही नाही, कारण त्याला स्टुडंट व्हिसावर इंग्लंडमध्ये राहून फुल टाइम शिकलेलं असावं लागतं. वर आरोग्याचा सरचार्ज वर्षाला 776 पौंड आणि टीबीची तपासणी.

म्हणजे सल्लागारानं फुल टाइमच्या सवलती पार्ट टाइमच्या कोर्सला चिकटवल्यात. दादा, तुम्ही वर्षातले वीसेक दिवस वर्गात बसणार. एवढ्यासाठी आमच्या बॅचचे सगळे व्हिजिटर व्हिसावर जायचे. मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश असेल तर व्हिजिटरला एका मुक्कामात सहा महिन्यांपर्यंत शिकता येतं.

जुळे सोलापूर
ताई, व्हिजिटरच्या अभ्यासाला सहा महिन्यांची मर्यादा आहे ना? हा कोर्स दोन वर्षांचा. मग हा रस्ता आडवाटेचाच म्हणायचा.

आणि मुळात मला हा प्रकारच पटत नाही. मी 2022 मध्ये फुल टाइम एक वर्षाचा एमएससी केला, ग्रॅज्युएट व्हिसावर दोन वर्षं तिथल्या गोदामाच्या नियोजनात काम केलं आणि परत आलो. शिकलो ते त्या दोन वर्षांत. पाच-पाच दिवस जाऊन नोट्स घेऊन येणाऱ्याला तिथलं काम कळत नाही. फी तितकीच आणि हक्क शून्य. करायचं तर नोकरी सोडून एक वर्ष जा. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांऐवजी 18 महिन्यांचाच मिळणार आहे, तेव्हा रेंगाळू नका.

नवी पेठ
एवढं लांब कशाला जायचं? सोलापुरातच संध्याकाळचे वर्ग होणारा एम.टेक. बघा. नोकरीही टिकते, व्हिसाही लागत नाही.

अक्कलकोट रोड
माझा बी.कॉम. आहे हो, एम.टेक.ला प्रवेशच मिळणार नाही. आणि आमचे सगळे खरेदीदार बाहेरचे. त्यांच्याकडचे लोक मालाचं नियोजन कसं करतात ते मला शिकायचंय.

बाळे
अमेरिका सोपी आहे. माझी वहिनी न्यू जर्सीत पार्ट टाइम मास्टर्स करतेय, तिला कसलाच विद्यार्थी व्हिसा लागला नाही. तिकडं बघा.

विजापूर वेस
बाळे, वहिनी भावाच्या एच-वन-बी नोकरीमुळे एच-फोरवर असणार. त्या तिथं आधीच राहताहेत, म्हणून शिकता येतं. सोलापुरातून ये-जा करणाऱ्याला उलट अमेरिकाच अवघड. पर्यटक किंवा बिझनेस व्हिसावर डिग्रीसाठीचा अभ्यास चालत नाही. विद्यार्थ्याच्या एफ-वनला फुल टाइम शिकावं लागतं, आणि एका सत्रात ऑनलाइनचा एकच वर्ग किंवा तीन क्रेडिट धरली जातात. कोर्स असाच असला तरी देश बदलला की परवानगी बदलते.

आता जुळे सोलापूर यांच्या शंकेचं. सहा महिने मोजायचे ते तुमच्या मुक्कामाचे. कोर्सचा पसारा किती वर्षांचा, हे इथं बघत नाहीत. ऑक्सफर्डचा सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचा पार्ट टाइम एमएससी आठवड्या-आठवड्याच्या मॉड्युलचाच आहे, आणि परदेशात नोकरी करणारे लोक तिथं असेच येऊन-जाऊन शिकतात. तरी फी भरण्यापूर्वी युनिव्हर्सिटीच्या व्हिसा विभागाला ईमेलनं एकच प्रश्न विचारा: "या कोर्सचे तुमचे विद्यार्थी कोणत्या व्हिसावर येतात, आणि त्यासाठी पत्र देता का?" उत्तर लेखी घ्या. ते गुळमुळीत आलं तर मी त्या कोर्सला हात लावणार नाही.

होटगी रोड
माझं स्वतःचं चादरी-टॉवेलचं युनिट आहे, म्हणून मालकाच्या बाजूनं लिहितो. जुळे सोलापूर, नोकरी सोडून वर्षभर गेलेला माणूस परत माझ्याकडे येईल याची मला खात्री नसते. मॉड्युलवाला शुक्रवारी वर्गात शिकलेलं सोमवारी माझ्या डायिंगच्या शेड्युलवर लावून बघतो, चुकलं तर पुढच्या मॉड्युलला शिक्षकालाच विचारतो. इंग्लंडमध्ये कामाचा हक्क नाही म्हणून पदवी वाया, हे ज्याला तिथं राहायचंय त्याचं गणित झालं. या गृहस्थांनी तसं कुठं म्हटलंय?

माझा प्रश्न रजेचा. आठ मॉड्युल म्हणजे नक्की किती दिवस?

विजापूर वेस
बघू या. शनिवारी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस, रविवारी सकाळी मुंबई, दुपारचं विमान, रात्री तिथं मुक्काम. सोमवार ते शुक्रवार वर्ग. शनिवारी परतीचं विमान, रविवारी मुंबईहून सोलापूर, सोमवारी कामावर. सहा दिवसांचा आठवडा धरला तर एका मॉड्युलला सहा रजा. आठ मॉड्युलच्या 48, म्हणजे वर्षाला 24.

लागोपाठच्या दोन आठवड्यांत दोन मॉड्युल बसली तर एका फेरीला 12 रजा. रजा एकूण तेवढीच, पण फेऱ्या आठच्या चार होतात, तिकिटं निम्मी लागतात. व्हिसाच्या दृष्टीनंही हेच बरं. नेहमीच्या व्हिजिटर व्हिसाची मुदत सहा महिने, त्यात एखादी-दुसरी फेरी बसते. मग पुन्हा अर्ज, पुन्हा बोटांचे ठसे. दोन वर्षांचाही मिळतो, पण मागितली तेवढी मुदत मिळेलच असं नाही, आणि कमी मिळाली तरी जादा फी परत येत नाही. मी पहिल्यांदा सहा महिन्यांचाच घेतला, वेळेवर जाऊन वेळेवर परतले, मग दोन वर्षांचा मागितला.

सात रस्ता
आणि तिकडं असताना ऑफिसचे ईमेल आले तर? व्हिजिटरला काम बंद म्हणतात.

विजापूर वेस
चांगला प्रश्न. 31 जानेवारी 2024 पासून व्हिजिटरला आपल्या देशातल्या नोकरीचं काम लॅपटॉपवरून करता येतं, फक्त येण्याचं मुख्य कारण ते नको. संध्याकाळी सोलापूरच्या डिस्पॅचची शीट तपासली तर हरकत नाही. तिथल्या कंपनीसाठी काम करायचं नाही, बिनपगारीसुद्धा. कोर्समध्ये तिथल्या कंपनीत प्रत्यक्ष काम करायचं सक्तीचं असेल तर तो कोर्स या व्हिसावर जमणार नाही. हँडबुकात हे आधी बघा.

मुरारजी पेठ
सगळं सुरळीत वाटतंय म्हणून माझं सांगतो. अशाच कोर्सच्या दुसऱ्या मॉड्युलला माझा व्हिजिटर व्हिसा नाकारला. अर्ज ज्यानं भरून दिला, त्यानं कारणात फक्त "पर्यटन" लिहिलं आणि युनिव्हर्सिटीचं पत्र जोडलंच नाही. शिवाय वडिलांनी अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात चार लाख टाकले होते. नकाराच्या पत्रात दोन्ही गोष्टी होत्या. व्हिजिटरला अपील नसतं, नव्यानं अर्जच करावा लागतो. पुढचा मिळाला, पण मॉड्युल हुकलं आणि वर्ष लांबलं. आता कुठल्याही देशाच्या अर्जात नकार लिहावा लागतो, त्याचा त्रास वेगळाच. पैसे भरताना कुणीच सांगितलं नव्हतं, की आठ मॉड्युल म्हणजे अधिकाऱ्यापुढं तेवढ्या वेळा उभं राहणं.

विजापूर वेस
मुरारजी पेठ यांनी लिहिलं तीच खरी जोखीम, ती मी लपवणार नाही. एकदा व्हिसा मिळाला म्हणून पुढचा मिळेलच असं नसतं. अर्जात कारण "पार्ट टाइम कोर्सचं अमुक मॉड्युल" असंच लिहायचं. सोबत तारखांसह युनिव्हर्सिटीचं पत्र, रजा मंजूर झाल्याचं आणि परत रुजू होण्याचं मालकाचं पत्र, आणि पगार जमा होणाऱ्या खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट. खात्यात अचानक मोठी रक्कम आली असेल तर ती कुठून आली याचा कागद. हीच पत्रं विमानात हातातल्या बॅगेत ठेवा, तिथं उतरल्यावर विचारतात.

जुळे सोलापूर
सहा महिन्यांचा मुद्दा मागे घेतो. पण मत तेच. इतके अर्ज, 48 रजा, आणि एका नकारानं वर्ष जातं. अजून एक विचारतो. एकदा तिथं गेलं की व्हिजिटरचा स्टुडंट करून घेता येईल का? सल्लागार पुढं हेच सुचवणार.

विजापूर वेस
नाही. व्हिजिटरला तिथूनच स्टुडंटमध्ये जाता येत नाही, भारतात परतून अर्ज करावा लागतो. कुणी "आधी जा, मग बदलू" म्हटलं तर उठून बाहेर पडा.

अक्कलकोट रोड
सल्लागाराला आज फोन केला. 20 तासांचं कुठं लिहिलंय ते दाखवा म्हटलं, तर "ऑफिसला या, सांगतो" एवढंच. युनिव्हर्सिटीला ईमेल टाकलाय, दोन मॉड्युल लागोपाठ घेता येतील का हेही विचारलंय. मालकाशी 24 रजांचं बोलायचंय, तेच जड जाणार. होटगी रोड साहेब, तुम्ही माझ्या मालकाच्या जागी असता तर पगारी दिली असती का बिनपगारी?

होटगी रोड
बारा पगारी, बारा बिनपगारी, आणि कोर्स संपल्यावर दोन वर्षं थांबायचं लेखी. तुमचा मालक ऐकेल का, ते तुम्हालाच ठाऊक. गड्ड्याच्या यात्रेच्या रजा मात्र त्यात धरू नका म्हणावं.