आधी छोटं काम, नोकरीचं नंतर बघू

> फाउंडरला ‘आधी छोटं काम पैसे घेऊन करून दाखवतो’ असं लिहायचंय. नेमकं काय लिहू?

आधी त्यांचं अ‍ॅप लोकलमध्ये उभं राहून, एका हाताने वापरून बघ. मी अंधेरीच्या एका डबेवाल्या स्टार्टअपचं असंच बघितलं. पिनकोडच्या चौकटीत बोट ठेवलं की आकड्यांऐवजी अक्षरांचा कीबोर्ड उघडायचा. `inputmode="numeric"` एवढंच राहिलं होतं. पत्ता चुकला की भरलेलं सगळं पुसलं जायचं, ते वेगळंच.

स्क्रीनशॉट जोडून लिहिलं: ‘पत्त्याचा फॉर्म चार दिवसांत नीट करून देतो. ८,००० रुपये, निम्मे आधी. पेमेंट व सर्व्हरला हात लावणार नाही. पसंत पडलं तर नोकरीचं बोलू, नाहीतर काम तुमचं, विषय संपला.’

‘काम तुमचं’ हे मेलमध्ये स्पष्ट लिही. आपल्याकडे लेखी करार नसेल तर बाहेरच्याने लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट सहसा त्याच्याकडेच राहतो, आणि जाणकार फाउंडर तिथेच अडतो. मी लिहिलं होतं, ‘पूर्ण पैसे मिळाल्यावर हक्क तुमचे.’

‘आधी फुकट करून दाखव’ म्हणाले तर काम अर्ध्या दिवसाचं कर, फुकट नको. आणि ‘जाता जाता लॉगिनही बघ ना’ आलं की नवा दर सांग. मला ते तिसऱ्याच दिवशी आलं होतं.