मदत हवी आहे: फॉरवर्ड दर सूत्राने काढला, तरी आर्बिट्राजमध्ये तोटा का येतो?

पारिजात_२२: उद्या सकाळी पेपर आहे, कृपया लवकर सांगावे. डॉलरचा स्पॉट दर ८४ रुपये, रुपयाचा व्याजदर ७ टक्के, डॉलरचा ४.५ टक्के. सूत्राने फॉरवर्ड दर ८६.०१ आला आणि बँकेचा दर ८५.६० आहे. फॉरवर्ड डॉलर स्वस्त असल्यामुळे मी एक लाख डॉलर कर्ज घेऊन रुपयांत गुंतवले आणि फॉरवर्डमध्ये डॉलर परत विकत घेतले. तरीही सुमारे ६८५ डॉलर कमी पडतात.

टाचणवही: मुदत किती? तिच्याशिवाय काहीच सांगता येणार नाही.

पारिजात_२२: सहा महिने. व्याज मी निम्मेच मोजले आहे.

नाना_निर्यातवाले: बँकेच्या दरावर विसंबू नका. आम्ही एकदा सहा महिन्यांचे डॉलर आधीच विकून ठेवले आणि मुदतीपर्यंत भाव त्याच्याही वर गेला. पुढचा दर कोणालाच कळत नाही.

टाचणवही: नाना, तुमचा अनुभव खरा आहे, परंतु येथे भाकिताचा प्रश्नच नाही, चारही व्यवहार आजच ठरलेल्या दरांनी होतात. पारिजात, कर्जाचे व्याज तुम्ही निम्मे धरले, पण सूत्रात मात्र वर्षाचे दर तसेच घातलेत. ८४ गुणिले १.०३५ भागिले १.०२२५ केले, की ८५.०३ येतात. म्हणजे ८५.६० हा दर महाग आहे आणि तुमची दिशाच उलटी झाली आहे. ८४ लाख रुपये कर्ज घ्या, त्यांचे एक लाख डॉलर करून ठेवीत टाका आणि मुदतीअंती मिळणारे १,०२,२५० डॉलर आजच ८५.६० ने विकून ठेवा. हाती ८७,५२,६०० रुपये येतील, कर्जफेडीला ८६,९४,००० लागतील आणि ५८,६०० उरतील. व्याजासकट सगळे डॉलर विकायला विसरू नका, कारण केवळ मुद्दल विकले, तर २,२५० डॉलरवरची जोखीम तशीच राहते.

कोकणकडा: असा नफा फक्त पुस्तकातच असतो. खरेदी आणि विक्रीचे दर वेगळे धरले की तो नाहीसा होतो.

टाचणवही: कमी होतो हे मान्य, पण नाहीसा होईलच असे नाही. डॉलर ८४.०२ ला घेतला, रुपयाचे कर्ज ७.४ टक्क्यांनी मिळाले आणि डॉलरच्या ठेवीवर ४.२ टक्केच मिळाले, तरी ८७,३९,७६० मधून ८७,१२,८७४ वजा जाऊन २६,८८६ रुपये राहतात.

कोकणकडा: तरीही भारतात सामान्य माणसाला अशा कामासाठी मोकळेपणाने डॉलरचे कर्ज मिळत नाही.

टाचणवही: या उदाहरणात कर्ज रुपयाचे आहे. मात्र ते डॉलर बाहेर ठेवण्यावरही मर्यादा आहेत, त्यामुळे तुमची हरकत अगदीच गैरलागू म्हणता येणार नाही.

पारिजात_२२: दिशा बदलून पाहिली, ५८,६०० आले. मनापासून आभार. फक्त एक शंका आहे: मुदत १८२ दिवस दिली असेल, तर दोन्हीकडे ३६५ ने भागायचे का?

टाचणवही: प्रत्यक्ष बाजारात रुपयासाठी ३६५ आणि डॉलरसाठी ३६० धरतात, त्यामुळे येथे दर सुमारे तीन पैशांनी खाली, ८५ च्या आसपास येतो. तुमच्या परीक्षकांना कोणती पद्धत अपेक्षित आहे, हे प्रश्नपत्रिकेतील सूचनेवरूनच ठरवावे लागेल.