मदत हवी आहे: 'सिंहासन'मधले निळूभाऊ तेव्हा कसे वाटले?

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात निळू फुल्यांवर बोलायचंय आणि एका जागी अडकलोय.

'एक गाव बारा भानगडी'तला झेलेअण्णा गाजला आणि पुढे सरपंच, पाटील, सावकार म्हटलं की निळूभाऊच. निर्मात्यांचंही सोपं व्हायचं: ते पडद्यावर आले की हा माणूस वाईट, हे वेगळं दाखवायला दोन प्रसंग खर्ची घालावे लागत नसत. साचा पडतो तो असाच, असं मला वाटतं.

जब्बार पटेलांच्या 'सामना'त ते साखरसम्राट हिंदुराव. आणि त्याच दिग्दर्शकाच्या १९७९च्या 'सिंहासन'मध्ये पत्रकार दिगू टिपणीस! इथे दरारा नाही. बराच वेळ तो नुसता ऐकतो, बघतो, आणि शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो. ते हसू मला अजून छळतं.

ज्यांनी तेव्हा थिएटरात पाहिला, त्यांनी कृपया सांगा: दिगूवर लगेच विश्वास बसला, की हा आता काहीतरी डाव टाकणार असं वाटत राहिलं? आणि त्यानंतरही त्यांच्याकडे खलनायकच का येत राहिले? त्या काळात चित्रपट वितरणात असलेलं कुणी इथे असेल तर जरूर लिहा.